पाच प्रकरणं, चार अडचणी

गेल्या महिन्यात माझ्या थिसिसच्या पहिल्या प्रकरणाचा मसुदा गाईडकडून परत आला. बाकी सगळीकडे बारीक बारीक दुरुस्त्या होत्या, पण शेवटच्या परिच्छेदावर मॅडमनी सरळ एक तिरकी रेघ मारली होती आणि बाजूला लिहिलं होतं, "हे कोण वाचणार?" परिच्छेद असा होता: "प्रकरण 2 मध्ये पूर्वीच्या संशोधनाचा आढावा घेतला आहे. प्रकरण 3 मध्ये अभ्यासक्षेत्र आणि मोजमापं दिली आहेत. प्रकरण 4 मध्ये प्रयोगाची माहिती दिली आहे. प्रकरण 5 मध्ये निष्कर्षांची चर्चा केली आहे." तुम्ही थिसिस लिहिला असेल, तर तुमच्याही थिसिसमध्ये हा परिच्छेद असणार. सगळ्यांच्याच असतो. मीही तो सिनियरच्या थिसिसमध्ये बघून लिहिला होता.

राग आला, हे कबूल करते. कारण लेखनाच्या कार्यशाळेत आम्हाला नेमकं उलटं सांगितलं होतं: लांब लिखाणात वाचकाला सतत सांगत राहा की आता कुठे आहोत, पुढे काय येणार, मागे काय झालं. रस्त्यावर जशा पाट्या असतात तशा लिखाणात पाट्या लावा, सुरुवातीला नकाशा द्या. मग मॅडमचं खरं की कार्यशाळेचं? माझ्या सवयीप्रमाणे मी या प्रश्नाचं उत्तर शोधायला भलत्याच ठिकाणी गेले. आमच्या विषयातलं सर्वांत प्रसिद्ध लांब लिखाण म्हणजे डार्विनचं 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'. त्याच्या प्रस्तावनेत नकाशा आहे का, आणि असेल तर कसा आहे, हे बघायला बसले. एका संध्याकाळचं काम होतं, त्याला दोन आठवडे लागले.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण ती नकाशाच्या गोष्टीचाच भाग आहे. डार्विनने नैसर्गिक निवडीची कल्पना पहिल्यांदा सलग मांडली ती 1842 साली, पेन्सिलने लिहिलेल्या 35 पानांच्या टिपणात. दोन वर्षांनी, 1844 मध्ये, त्याचा सुमारे 230 पानांचा निबंध झाला. मग मधे बरीच वर्षं गेली, आणि 1856 मध्ये त्याने याच विषयावर एक अवाढव्य ग्रंथ लिहायला घेतला. तो अर्धाअधिक झाला असताना जून 1858 मध्ये वॉलेसचं ते प्रसिद्ध पत्र आलं, ज्यात जवळजवळ तीच कल्पना होती. 1 जुलैला लिनियन सोसायटीत दोघांचं लिखाण एकत्र वाचलं गेलं आणि डार्विनने मोठा ग्रंथ बाजूला ठेवून त्याचा सारांश लिहायला घेतला. 24 नोव्हेंबर 1859 ला बाहेर आलेलं पुस्तक हा तो सारांश. डार्विनला पुस्तकाच्या नावातच 'सारांश' हा शब्द हवा होता. प्रकाशक जॉन मरी यांना तो पटला नाही, म्हणून निघाला. प्रस्तावनेत मात्र डार्विन आपल्या पुस्तकाला सारांशच म्हणत राहतो.

हे सगळं सांगायचं कारण असं, की या पुस्तकात तळटिपा नाहीत. पुरावे द्यायला जागा नव्हती. पाचशे पानांचा युक्तिवाद आहे आणि वाचकाने लेखकाचा हात धरून त्यातून चालत जायचं आहे. शेवटच्या प्रकरणात डार्विन स्वतःच म्हणतो की हे अख्खं पुस्तक म्हणजे एकच लांब युक्तिवाद आहे, तेव्हा वाचकाच्या सोयीसाठी मुख्य मुद्दे पुन्हा सांगतो. म्हणजे पाट्यांची गरज त्याला नीट कळत होती. मग त्याने त्या कशा लावल्या?

प्रस्तावनेच्या शेवटाकडे दोन-तीन परिच्छेदांचा नकाशा आहे. पहिल्यांदा वाचताना तो मला माझ्याच परिच्छेदासारखा वाटला: पहिल्या प्रकरणात हे, मग ते. सावकाश वाचल्यावर लक्षात आलं की तो मधेच कूस बदलतो. सुरुवातीच्या भागात डार्विन सांगतो की पहिलं प्रकरण मी पाळीव प्राणी आणि लागवडीच्या वनस्पती यांतल्या बदलांना देणार आहे, आणि लगेच पुढे का ते सांगतो: म्हणजे आपल्याला दिसेल की पिढ्यान्‌पिढ्या टिकणारे मोठे बदल निदान शक्य तरी आहेत, आणि माणूस नुसत्या निवडीच्या जोरावर बारीक बारीक बदल साठवत किती लांब जाऊ शकतो. मग निसर्गातली विविधता. मग जगण्यासाठीची झुंज, आणि तिच्याबरोबर तिचं कारण: जीव ज्या वेगाने वाढतात त्या वेगाने ते सगळे जगूच शकत नाहीत. आणि इथे नकाशा थांबवून तो दोन-तीन वाक्यांत सगळा सिद्धान्तच सांगून टाकतो. जगू शकतील त्यापेक्षा जास्त जीव जन्मतात, म्हणून झुंज. झुंजीत ज्याच्याकडे किंचितसा फायद्याचा फरक आहे त्याची टिकण्याची शक्यता जास्त. तो फरक वारशाने पुढे जातो. याचा तपशील चौथ्या प्रकरणात, म्हणतो, आणि पुढे निघतो.

या भागाला नकाशा म्हणावं की युक्तिवादाची छोटी प्रत म्हणावं, असा प्रश्न पडतो. इथलं एखादं प्रकरण उचलून दुसरीकडे ठेवून बघा, वाक्यं मोडतात. निवड काय करू शकते हे कबुतरांत दाखवल्याशिवाय निसर्गातल्या निवडीकडे जाता येत नाही, आणि झुंज दाखवल्याशिवाय निवड करणारं कोण आहे हे सांगता येत नाही. प्रत्येक वाक्यात 'नंतर' बरोबर 'म्हणून' आहे.

आणि मग दुसरा भाग. दहाव्या प्रकरणात जीवांचा भूगर्भीय क्रम, अकराव्या-बाराव्यात भौगोलिक प्रसार, तेराव्यात वर्गीकरण, शेवटच्यात उजळणी. इथे डार्विनही थकला असावा. हा भाग अगदी माझ्या परिच्छेदासारखा आहे. अकरावं-बारावं प्रकरण आणि तेरावं प्रकरण यांची अदलाबदल केली, तर या वाक्यांना काही फरक पडणार नाही.

या दोन्हींच्या मधोमध एक वाक्य आहे, ज्याच्यामुळे माझे दोन आठवडे गेले. 1859 च्या आवृत्तीत डार्विन म्हणतो की पुढच्या चार प्रकरणांत या सिद्धान्तावरच्या सर्वांत उघड आणि गंभीर अडचणी मांडेन, आणि मग त्या मोजून दाखवतो. पहिली, साध्या अवयवातून गुंतागुंतीचा अवयव कसा बनेल. दुसरी, प्राण्यांची उपजत बुद्धी. तिसरी, संकर, म्हणजे वेगळ्या जातींच्या संकरातून होणारं वांझपण. चौथी, जीवाश्मांच्या नोंदीतली अपूर्णता. चार प्रकरणं, चार अडचणी. हिशेब चोख.

आता आपण 1872 च्या सहाव्या आवृत्तीकडे येऊ. डार्विनच्या हयातीतली ही शेवटची मोठी सुधारित आवृत्ती. मधल्या काळात बऱ्याच लोकांनी आक्षेप घेतले होते. त्यांतला सगळ्यांत बोचरा म्हणजे सेंट जॉर्ज मायव्हर्टचा, 1871 च्या पुस्तकातला. त्याचा प्रश्न होता की एखादा अवयव पूर्ण बनल्यावर उपयोगी असेल, पण तो नुकता फुटायला लागतो तेव्हा त्याचा काय उपयोग? अर्धवट अवस्थेला निवड कशी टिकवेल? या आणि इतर आक्षेपांना उत्तर द्यायला डार्विनने एक नवं प्रकरण घातलं, किरकोळ आक्षेपांचं, आणि ते घातलं सातव्या जागी, अडचणींच्या मधोमध. त्यामुळे नंतरची सगळी प्रकरणं एकेक घराने पुढे सरकली आणि चौदाचं पुस्तक पंधरा प्रकरणांचं झालं.

आता नकाशा दुरुस्त करणं आलं. डार्विनने तो केला. 'अकराव्या आणि बाराव्या'चं 'बाराव्या आणि तेराव्या' झालं, 'तेराव्या'चं 'चौदाव्या' झालं. 'पुढच्या चार प्रकरणांत' या शब्दांच्या जागी 'पुढच्या पाच प्रकरणांत' आलं. आणि त्यानंतर, तशीच्या तशी, जुनी मोजणी: पहिली, दुसरी, तिसरी आणि चौथी. संपलं. पाच प्रकरणं, चार अडचणी. नव्या सातव्या प्रकरणाचा त्या यादीत पत्ताच नाही.

मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा वाटलं मीच चुकीचं मोजतेय. पुन्हा मोजलं. मग लॅबमधल्या एका मित्राला, त्याने सहावीच आवृत्ती वाचली होती, विचारलं की तुला प्रस्तावनेत काही खटकलं होतं का. तो म्हणाला, "प्रस्तावना? ती वाचलीच असेन, पण काही आठवत नाही." मीही त्याआधी ती दोनदा वाचली होती आणि मलाही काही खटकलं नव्हतं. आपल्या दोघांवरून सगळ्या जगाचं ठरवू नये, पण मला जे कळलं ते असं: यादीसारखा नकाशा वाचताना वाचक मोजत नाही. 'पाच' डोळ्यांखालून जातं, पुढे चार गोष्टी येतात, आणि आपण पान उलटतो. चार वाक्यं आधी 'झुंज' आणि 'निवड' यांचा क्रम उलटा लागला असता, तर तिथे मात्र कोणीही अडखळलं असतं.

इथवर मॅडमचं पारडं जड होतं. पण त्याच पुस्तकात अडचणींबद्दलची दुसरी एक पाटी आहे, सहाव्या प्रकरणाच्या सुरुवातीला, आणि ती वाचल्यावर कार्यशाळेवाल्यांचंही थोडं पटलं.

सहावं प्रकरण येईपर्यंत वाचक दीडशेहून अधिक पानं चाललेला असतो. निवडीचा सिद्धान्त मांडून झालेला असतो. डोक्यात शंकांची गर्दी झालेली असते, आणि डार्विन प्रकरणाची सुरुवात नेमकी तिथूनच करतो: इथे पोचायच्या कितीतरी आधी तुमच्या मनात अडचणी आल्या असतील, काही तर इतक्या गंभीर आहेत की आजही त्यांचा विचार केला की मी डगमगतो. मग तो त्या चार गटांत लावतो, पण नावांनी नव्हे, प्रश्नांनी. जाती जर बारीक बारीक पायऱ्यांनी बदलल्या, तर मधले दुवे सगळीकडे का दिसत नाहीत? वटवाघळासारखा प्राणी अगदी वेगळ्या सवयींच्या प्राण्यापासून कसा बनेल, डोळ्यासारखा अवयव कसा घडेल? मधमाशी गणितज्ञालाही थक्क करतील अशी घरं बांधते, ती उपजत बुद्धी निवडीने कशी येईल? जातींचा संकर वांझ निघतो आणि वाणांचा निघत नाही, हे कसं? आणि शेवटी एक ओळ: यांतले पहिले दोन प्रश्न इथे घेतो, उपजत बुद्धी आणि संकर स्वतंत्र प्रकरणांत.

ही शेवटची ओळ म्हणजे निव्वळ पाटी आहे. कुठलाही विचार नाही, नुसतं 'हे इथे, ते तिथे'. तरी ती उपयोगी पडते, कारण ती वाचकाला तेव्हा भेटते जेव्हा त्याच्या हातात मधमाशीचा प्रश्न असतो आणि त्याला तो कुठेतरी ठेवायचा असतो. ती ओळ नसती तर सहाव्या प्रकरणाच्या शेवटी वाचक म्हणाला असता, अहो, आणि मधमाशी राहिली की! पाटीचं काम चौकात असतं. गाव सोडतानाच पुढच्या बारा फाट्यांची यादी वाचून दाखवली, तर सहाव्या फाट्यावर ती कोणाच्या लक्षात राहणार?

आणि सहाव्या आवृत्तीत काय झालं बघा. या ओळीत डार्विनने दुरुस्ती केली आणि ती पूर्ण केली: पहिले दोन प्रश्न इथे, काही किरकोळ आक्षेप पुढच्या प्रकरणात, उपजत बुद्धी आणि संकर त्यानंतरच्या दोन प्रकरणांत. नवं प्रकरण इथे बरोबर जागी नोंदलं गेलं. माझा अंदाज असा, की ही ओळ लिहिताना तो स्वतः त्या चौकात उभा होता. चार प्रश्न समोर आहेत आणि मधेच एक पाहुणा येऊन बसलाय, त्याची ओळख करून दिल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. प्रस्तावनेतला आकडा मात्र नुसता हिशेबासाठी बदलला गेला.

आपल्याकडे शास्त्रग्रंथांच्या सुरुवातीला अनुबंधचतुष्टय सांगायची पद्धत आहे, ते इथे आठवलं. विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी या चार गोष्टी ग्रंथाच्या तोंडाशीच सांगायच्या. कशाबद्दल आहे, वाचून काय मिळणार, ग्रंथाचा त्या विषयाशी नातं काय, आणि हे वाचायला कोण पात्र. आजीच्या तोंडून 'त्याचा अनुबंध काय?' असं ऐकलं होतं, पण मूळ संज्ञा मला पीएचडीला आल्यावर कळली, हा विनोदच. गंमत अशी की या चारांत प्रकरणांचा क्रम कुठेच नाही. कुठल्या अध्यायात काय, हे वाचकाला दाराशीच हवं असतं असं त्या मंडळींना वाटलं नसावं. पण वाचक कोण आहे हे मात्र त्यांनी आवर्जून विचारलं.

हा 'अधिकारी' महत्त्वाचा निघाला. मी शेवटी मानसशास्त्राकडे वळले, कारण वाचकाला किती मदत होते हा प्रश्न डार्विनला विचारून सुटणारा नाही. 1972 साली जॉन ब्रान्सफोर्ड आणि मार्सिया जॉन्सन यांनी एक प्रयोग केला. त्यांनी लोकांना एक परिच्छेद ऐकवला. आधी वस्तूंचे ढीग करा, किती काम आहे त्यावर ढिगांची संख्या ठरवा, घरी सोय नसेल तर दुसरीकडे जावं लागेल, एका वेळी फार करू नका, असं बरंच काही. प्रत्येक वाक्य सोपं, पण विषय कशाचा ते कळत नाही. विषय आहे कपडे धुणं. काहींना हे आधी सांगितलं, काहींना परिच्छेद ऐकवून झाल्यावर, काहींना सांगितलंच नाही. आधी सांगितलेल्यांना जवळजवळ दुप्पट मुद्दे आठवले. नंतर सांगितलेल्यांची गत मात्र न सांगितलेल्यांसारखीच. म्हणजे आधी सांगण्याला खरंच अर्थ आहे, आणि उजळणीने ती भरपाई होत नाही. पण काय आधी सांगितलं ते बघा: 'हे कपडे धुण्याबद्दल आहे'. 'पहिल्या वाक्यात वर्गीकरण, दुसऱ्यात संख्या' असं कोणी सांगितलेलं नव्हतं. विषय आणि प्रयोजन कामाला आलं.

दुसरा प्रयोग 1996 सालचा, डॅनिएल मॅक्नमारा, वॉल्टर किंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. हृदयरोगावरचा एकच मजकूर त्यांनी वेगवेगळ्या रूपांत लिहिला. एकात जोडणारी वाक्यं, मथळे, 'त्यामुळे'-'म्हणून' सगळं होतं, दुसऱ्या टोकाच्या रूपात ते काढून टाकलं होतं. ज्यांना विषयाची फार माहिती नव्हती त्यांना भरपूर जोडलेला मजकूर जास्त कळला, हे अपेक्षितच. पण ज्यांना माहिती होती, त्यांनी खोल समज तपासणाऱ्या प्रश्नांची उत्तरं कमी जोडलेला मजकूर वाचून जास्त चांगली दिली. कारण रिकाम्या जागा त्यांनी स्वतः भरल्या, आणि भरताना विचार केला. सगळं हातात मिळालं की जाणता वाचक तरंगत पुढे जातो. हा प्रयोग शाळकरी वयाच्या मुलांवर होता आणि मजकूर छोटा होता, त्यामुळे तो तीनशे पानांच्या थिसिसला जसाच्या तसा लावता येणार नाही. शिवाय त्यात फक्त नकाशे काढलेले नव्हते, वाक्यावाक्यांतले दुवेही काढले होते. तरीही माझा थिसिस वाचणारे दोन परीक्षक हे दुसऱ्या प्रकारचे वाचक आहेत, हे विसरून चालणार नाही. मी तो परिच्छेद कोणासाठी लिहिला होता? खरं सांगायचं तर कोणासाठीच नाही. थिसिस असा दिसतो म्हणून लिहिला होता.

कदाचित स्वतःसाठी लिहिला होता, असंही म्हणता येईल. डार्विन आत्मचरित्रात सांगतो की मोठं पुस्तक लिहायचं असलं की तो आधी दोन-तीन पानांत अगदी ओबडधोबड आराखडा करायचा, मग तोच काही पानांचा, ज्यात एकेक शब्द एकेका चर्चेच्या जागी उभा असायचा. 1842 ची पेन्सिलची पानं, 1844 चा निबंध, 1859 चं पुस्तक हीच रीत दाखवतात. हा नकाशा लिहिणाऱ्याला लागतोच. घर बांधताना परांची लागते तसा. माझं 'प्रकरण 2 मध्ये, प्रकरण 3 मध्ये' ही परांची होती, आणि मी ती घर झाल्यावर काढायला विसरले होते. आमच्या शोधनिबंधांत हे सहसा जाणवत नाही, कारण तिथे प्रस्तावना, पद्धती, निष्कर्ष, चर्चा हा साचा ठरलेला आहे आणि वाचकाला तो पाठ आहे. अर्थशास्त्राच्या पेपरमध्ये प्रस्तावनेच्या शेवटी 'उरलेल्या पेपरची रचना अशी' हा परिच्छेद हमखास असतो. तिथेही तो किती जण वाचतात, हे अर्थशास्त्रवाल्यांनीच सांगावं.

डार्विनच्या पाट्यांची एक जात अजून राहिली. प्रस्तावनेत तो सांगतो की ज्या वस्तुस्थितीवर माझे निष्कर्ष उभे आहेत ती सगळी, संदर्भांसकट, पुढच्या ग्रंथात देईन. 'पुढच्या ग्रंथात' अशा पाट्या पुस्तकभर विखुरल्या आहेत. पाळीव प्राण्यांतल्या बदलांवरचा त्यातला भाग 1868 मध्ये दोन खंडांत आला. उरलेला मोठा ग्रंथ त्याच्या हयातीत आलाच नाही. हस्तलिखित संपादित होऊन छापलं गेलं ते 1975 मध्ये. म्हणजे 1859 च्या वाचकाला जी पाटी दिसली, तिच्या दिशेचा रस्ता शंभरहून अधिक वर्षं बांधलेलाच नव्हता. आपल्या पेपरांत शेवटी 'याबद्दल स्वतंत्र लेखात सविस्तर' असं आपण किती हलक्या हाताने लिहितो!

तर आता माझा परिच्छेद. माझं काम कोकणातल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवर पावसाळ्यात साचणाऱ्या डबक्यांतल्या टॅडपोलवर आहे. नवा मसुदा असा आहे:

"डबकं आटायला लागलं की टॅडपोल लवकर बेडूक होतात पण आकाराने लहान राहतात, हे अनेक जातींत दिसलेलं आहे (प्रकरण 2). ते प्रयोग मात्र एकदाच आटणाऱ्या पाण्यावर झाले. सड्यावरचं डबकं एकाच पावसाळ्यात अनेकदा आटतं आणि भरतं, म्हणून आधी ते किती वेळा आणि किती तासांत आटतं हे मोजावं लागलं (प्रकरण 3). ते आकडे हातात आल्यावरच टाक्यांमधलं पाणी त्याच गतीने कमी-जास्त करून टॅडपोल वाढवता आले (प्रकरण 4). टाकीत जे दिसलं ते सड्यावर दिसेलच असं नाही. फरक कुठे पडला आणि का, हे प्रकरण 5 मध्ये."

लांबी जुन्या परिच्छेदाच्या दुपटीहून जास्त झाली, हे खरं. पण प्रकरण 3 आणि 4 यांची अदलाबदल करून बघितली, परिच्छेद कोसळतो. प्रकरण 4 च्या सुरुवातीला एक ओळीची पाटीही ठेवली आहे: टाकीत भक्षक का सोडले नाहीत, हा प्रश्न तिथे कोणालाही पडेल, त्याचं उत्तर पुढच्या प्रकरणात आहे. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी 'या प्रकरणात आपण पाहिलं की' असं जे होतं ते मात्र काढलं. तीन ठिकाणी काढताना हात अडखळला, कारण तिथे मी नुसतं पुन्हा सांगत नव्हते, मूळ मजकुरात राहून गेलेला एक दुवा शेवटी भरत होते. तो दुवा आता जिथे हवा तिथे मधे गेला.

मॅडमनी हा मसुदा परवा बघितला. यावेळी रेघ नाही. फक्त '(प्रकरण 2)' याच्याभोवती पेन्सिलने गोल केला आहे आणि लिहिलं आहे की आधीच्या संशोधनाचं प्रकरण आपण पहिल्यातच मिसळायचं ठरवलं होतं ना? ठरवलं होतं. म्हणजे आता सगळे आकडे एकेक घर मागे येणार, आणि मी 'प्रकरण' हा शब्द फाइलमध्ये शोधला तर तो 61 ठिकाणी आहे.